एनटी स्कॅन आणि अ‍ॅनोमली स्कॅन: एकीने दुसरीचे काम होत नाही

गरोदरपणातल्या सोनोग्राफीविषयी घराघरांत दोन वाक्ये जोडीने ऐकू येतात: "सारखी सोनोग्राफी केली की बाळाला त्रास होतो" आणि "तिसऱ्या महिन्यातली नॉर्मल आली, मग पुन्हा कशाला?" पहिल्या वाक्यातल्या भीतीमुळे दुसरे वाक्य सगळ्यांना पटते, आणि जी तपासणी मुळीच चुकवू नये नेमकी तीच चुकवली जाते.

भीतीचे उत्तर थोडक्यात देता येते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये जी किरणे वापरतात ती सोनोग्राफीत नसतात. तिथे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात, आणि मागच्या तपासणीचा काही अंश शरीरात साठून राहत नाही. या लहरी शोषल्या गेल्याने ऊती किंचित तापू शकतात, म्हणून यंत्राच्या पडद्यावर या तापण्याचा अंदाज देणारा TI हा आकडा दिसत असतो आणि तपासणी गरजेपुरत्याच वेळात उरकायची असते. रक्तप्रवाह पाहण्याच्या डॉप्लर पद्धतीत ही ऊर्जा लहानशा जागेवर एकवटते, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत ठोस कारणाशिवाय डॉप्लर वापरू नये. बाळाचे ठोके मोजण्यासाठी त्या काळात यंत्रातली एम-मोड ही साधी पद्धत पुरते.

खरा घोळ एनटी स्कॅन आणि अ‍ॅनोमली स्कॅन यांच्यात आहे.

एनटी स्कॅन ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत करतात. त्या वेळी बाळाच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. ती वाढलेली असेल, तर डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची किंवा हृदयदोषाची शक्यता वाढते. फक्त शक्यता वाढते, निदान होत नाही. म्हणूनच तिच्या जोडीला डबल मार्कर ही रक्ततपासणी करून धोका 'इतक्यांत एक' असा काढतात. पुढे हा द्रव ओसरतो आणि तेच माप निरर्थक ठरते. याच तपासणीत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून बाळंतपणाची तारीखही पक्की करता येते.

अ‍ॅनोमली स्कॅन साधारण १८ ते २० आठवड्यांत होते आणि तिचा प्रश्नच वेगळा असतो: अवयवांची घडण नीट झाली आहे का? हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, पाठीचा कणा, मेंदूतल्या पोकळ्या, मूत्रपिंडे, वरचा ओठ हे सगळे क्रमाने पाहिले जाते. बाराव्या आठवड्यात बाळ जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचे असते. त्याच्या हृदयातले बारकावे तेव्हा खात्रीने दिसत नाहीत, आणि मेंदूचे काही भाग तर तेव्हा पुरते तयारही झालेले नसतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे: डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक बाळांच्या अवयवांत अ‍ॅनोमली स्कॅनला काहीही वावगे दिसत नाही. "एनटी राहिली, पण पाचव्या महिन्यातली चांगली आली" हे समाधान म्हणूनच मला पटत नाही. एनटी हुकली असेल, तर डॉक्टरांना क्वाड्रुपल मार्कर या रक्ततपासणीबद्दल विचारावे.

एक उदाहरण घेऊ. पाळी नियमित असलेल्या बाईची शेवटची पाळी १ जानेवारीला सुरू झाली आणि ते लीप वर्ष नाही. तिची एनटी १९ मार्च ते ८ एप्रिल या तीन आठवड्यांतच होऊ शकते, तर अ‍ॅनोमली स्कॅन ७ ते २१ मे या काळात. ती "एवढी काय घाई" म्हणून २० जूनला गेली आणि हृदयात गंभीर दोष आढळला, तर २४ आठवडे १८ जूनलाच उलटून गेलेले असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार त्यापुढे गंभीर व्यंगासाठी गर्भपात करायचा, तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. गर्भ ठेवायचा असला, तरी बाळंतपण कुठे करावे आणि बाळाच्या हृदयाचे डॉक्टर कुठे गाठावेत हे ठरवायला वेळ हवाच.

मग एकूण किती? जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांपूर्वी किमान एक सांगते, ब्रिटनच्या सरकारी सेवेत सर्वांना दोन मिळतात, आणि माझे मतही एनटी आणि अ‍ॅनोमली या दोन तपासण्यांच्याच बाजूने आहे. पोटात दुखत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा पाळीची तारीख आठवत नसेल, तर त्याआधीची एक योग्यच. सातव्या महिन्यानंतरच्या वाढीच्या तपासण्या आणि डॉप्लर मात्र कारण असेल तरच: रक्तदाब, मधुमेह, जुळी, वार खाली असणे, पोट अपेक्षेपेक्षा लहान वाटणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे. यांपैकी काही नसताना दर महिन्याला केवळ बाळ पाहण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीने बाळाला अपाय झाल्याचे दिसलेले नाही, पण उपयोगही काही होत नाही. आणि अ‍ॅनोमली स्कॅनचे दोन आठवडे निसटले, तर त्या साऱ्या मिळूनही तिची जागा भरून काढत नाहीत.