अतिजोखमीची औषधे : स्वतंत्र दुहेरी तपासणी आणि लेबल

रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या ज्या औषधांच्या बाबतीत चूक झाल्यास रुग्णास गंभीर इजा किंवा मृत्यू येण्याचा संभव इतर औषधांपेक्षा पुष्कळ अधिक असतो, त्यांना ही संज्ञा लावतात. या औषधांच्या बाबतीत चुका अधिक वेळा होतात, असे नव्हे; झालेली चूक सावरायला वेळ मिळत नाही, एवढाच तिचा अर्थ. इन्सुलिन, हेपॅरिन, मॉर्फीनवर्गीय वेदनाशामके, कर्करोगावरील औषधे, भूल देताना वापरली जाणारी स्नायुशिथिलके आणि संहत, म्हणजे पातळ न केलेले तीव्र, पोटॅशियम क्लोराइड ही त्यांतील ठळक नावे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पोटॅशियम क्लोराइडचा (वॉर्डच्या बोलीत ‘केसीएल’चा) विचार केला आहे. तपासणी व लेबल यांचे सगळे गुणदोष या एका अँप्युलमध्ये दिसतात.

संज्ञेचा उगम : अशा औषधांसाठी ‘हाय-अलर्ट’ हा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेला देतात. १९९५-९६ च्या सुमारास तिने रुग्णालयांकडून गंभीर चुकांची माहिती मागवली, तेव्हा बहुतेक जीवघेण्या चुका मोजक्याच औषधांभोवती एकवटल्याचे आढळले. दुसऱ्या मतानुसार संज्ञेला खरे वजन आले ते तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या पत्रकांमुळे. त्यांतील फेब्रुवारी १९९८ चे पहिलेच पत्रक पोटॅशियम क्लोराइडविषयी होते. नोंदवलेल्या दहा मृत्यूंपैकी आठ संहत द्रावण थेट शिरेत गेल्याने झाले आणि त्या आठांतील सहांमध्ये एका औषधाची बाटली दुसऱ्याची समजून उचलली गेली होती, असे त्यात म्हटले आहे. नोव्हेंबर १९९९ च्या पत्रकात ‘हाय-अलर्ट’ हा शब्द शीर्षकातच आला. नाव पहिल्या संस्थेचे आणि धाक दुसरीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनमध्ये २००२ साली संहत पोटॅशियम सामान्य वॉर्डांतून काढून घेण्याची सूचना निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये तशीच शिफारस केली. भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत अशा औषधांची यादी करणे आणि देण्यापूर्वी त्यांची पडताळणी करणे अपेक्षित आहे.

केसीएलचे अँप्युल : आपल्याकडे मिळणारे अँप्युल बहुधा १० मिलिलिटरचे व १५ टक्के तीव्रतेचे असते. त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट (‘एमइक्यू’) पोटॅशियम असते. दर मिलिलिटरला दोन एमइक्यू हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पुढे वर्णिलेली चूक त्यातूनच उद्भवते. द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असते आणि प्लॅस्टिकचे अँप्युल इंजेक्शनच्या पाण्याच्या किंवा सलाईनच्या अँप्युलशेजारी ठेवले, तर ट्यूबलाइटच्या उजेडात फरक फक्त बारीक छपाईत राहतो. अमेरिकेत संहत पोटॅशियमच्या कुपीचे झाकण काळेच असावे असा दंडक आहे. प्लॅस्टिकच्या अँप्युलला झाकणच नसल्याने ती खूण येथे उपयोगी पडत नाही.

हाताच्या शिरेतून देताना सर्वसाधारणपणे लिटरमागे ४० एमइक्यूपेक्षा अधिक तीव्रता ठेवत नाहीत आणि तासाला १० एमइक्यूपेक्षा अधिक वेग देत नाहीत. त्यापुढे जायचे तर हृदयाच्या आलेखावर सतत नजर लागते. रुग्णाला लघवी होत नसेल तर मुळात पोटॅशियम सुरूच करू नये, ही जुन्या सिस्टर लोकांची पहिली शिकवण असते.

स्वतंत्र दुहेरी तपासणी : पहिल्या व्यक्तीचे उत्तर ठाऊक नसताना दुसऱ्या व्यक्तीने मूळ लेखी सूचनेपासून सगळे पुन्हा करणे आणि शेवटी दोन्ही उत्तरे ताडून पाहणे, याला स्वतंत्र दुहेरी तपासणी म्हणतात. ‘दोन सह्या’ आणि ही तपासणी यांत गल्लत होते, म्हणून एक उदाहरण तपशिलाने पाहणे इष्ट. सांगली परिसरातील तीसेक खाटांचे एखादे रुग्णालय घेऊ. जुलाब-उलट्यांनी थकलेल्या एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम २.८, म्हणजे कमी, आले आहे, लघवी व्यवस्थित होत आहे. डॉक्टरांनी लिहिले : ‘केसीएल २० एमइक्यू, ५०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये, चार तासांत’. हिशोब असा : २० भागिले २ म्हणजे १० मिलि, एक अँप्युल. तीव्रता लिटरमागे ४०, वेग तासाला ५ एमइक्यू. मिलिलिटरला २० थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला सुमारे ४२ थेंब.

पहिल्या सिस्टरने घाईत ‘२०’ हा आकडा मिलिलिटर म्हणून वाचला आणि दोन अँप्युल फोडले. आता ती शेजारच्या सिस्टरला सिरिंज दाखवून म्हणाली, “केसीएल वीस मिलि, दोन अँप्युल. बरोबर ना गं?” दुसरीच्या डोळ्यांसमोर दोन रिकामे अँप्युल आहेत, कानावर ‘वीस’ पडला आहे, केसपेपरवरही वीसच आहे. ती “हो” म्हणते आणि सही करते. तपासणी झाली, चूक तशीच राहिली.

हेच दुसऱ्या रीतीने घडले असते तर? पहिलीने फक्त केसपेपर आणि न फोडलेले अँप्युल पुढे केले असते : “चार नंबरच्या पेशंटचा केसीएल काढ बघू, किती निघतो?” दुसरी लेबल वाचते, दोनाने भागते आणि म्हणते, “दहा मिलि, एक अँप्युल.” पहिलीच्या कागदावर वीस आहे. दोघींचे जुळत नाही म्हटल्यावर डॉक्टरांची सूचना पुन्हा वाचली जाते. काही सेकंदांचा हा फरक आहे, पण तपासणीचे सगळे मोल त्यात आहे. आधी उत्तर सांगून मागितलेल्या दुजोऱ्याला इंग्रजी लेखनात ‘प्राइम्ड’ तपासणी म्हणतात.

दुप्पट मात्रेने काय झाले असते, हेही पाहायला हवे. थेंब ठरल्याप्रमाणे पडले, तर वेग तासाला १० एमइक्यूच झाला असता, म्हणजे मर्यादेच्या काठावर. पण तीव्रता लिटरमागे ८० च्या आसपास गेली असती आणि रुग्णाने सुईपाशी जळजळ होते अशी तक्रार केली असती. ती तक्रार हाच बहुधा पहिला इशारा असतो. खरा धोका पुढे आहे : ‘सलाईन लवकर संपू दे’ म्हणून नातेवाईकाने नळीवरचा वेग ठरवणारा रोलर मोकळा सोडला, तर ४० एमइक्यू अर्ध्या-पाऊण तासात शिरेत जाते. हृदयाच्या आलेखावरील टी नावाची लहर टोकदार होते, मग क्यूआरएस हा भाग रुंदावतो, आणि हृदय थांबू शकते. अशा वेळी सलाईन तात्काळ बंद करून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. ते हृदयाला सांभाळते, रक्तातील पोटॅशियम कमी करत नाही.

मिसळण्यातली आणखी एक चूक कोणत्याही सहीने पकडली जात नाही. टांगलेल्या बाटलीत केसीएल सोडला आणि ती हलवली नाही, तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नेमके नळीच्या तोंडाशी साचते आणि पहिल्याच काही मिनिटांत संहत रूपात रुग्णात जाते. म्हणून बाटली खाली उतरवून औषध घालावे, दहाएक वेळा उलटीसुलटी करावी आणि मगच टांगावी.

तपासणीच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. काहींच्या मते ती विमानचालनातील प्रश्नोत्तरी पद्धतीवरून आली. इतर अभ्यासक अफूवर्गीय औषधांच्या रजिस्टरवरील दोन सह्यांकडे बोट दाखवतात. दुसरे मत अधिक पटते. रजिस्टर जुने आहे आणि त्यातील दोन सह्यांचा हेतू चोरी रोखण्याचा होता, चूक पकडण्याचा नव्हता. आज वॉर्डात दुसरी सही न वाचता होते, त्याचे मूळ कदाचित यातच असावे. सहकारी बँकेत ज्यांनी ‘मेकर-चेकर’, म्हणजे एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासण्याची पद्धत, पाहिली आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुहेरी तपासणीने चुका खरोखर किती घटतात, याविषयी पुरावा माफक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात ठाम निष्कर्ष काढण्याइतका आधार सापडला नाही. ऑस्ट्रेलियातील एका बालरुग्णालयात प्रत्यक्ष निरीक्षण झाले, तेव्हा दुहेरी म्हणून नोंदलेल्या बहुतांश तपासण्या प्राइम्ड होत्या. स्वतंत्र तपासणी क्वचितच दिसली. त्यामुळे ‘ही पद्धत निरुपयोगी’ असे म्हणण्यापेक्षा ‘तिची खरी परीक्षा फारशी झालेलीच नाही’ असे म्हणणे योग्य ठरेल. मात्र प्रत्येक इंजेक्शनला दोन सह्या मागितल्या की कोणतीच सही वाचली जात नाही. यादी मोजक्या औषधांपुरती आखूड ठेवावी, याबद्दल मतभेद कमी आहेत.

लेबल : औषध सिरिंजमध्ये ओढले त्याच क्षणी, हातातून खाली ठेवण्यापूर्वी लेबल लागले पाहिजे. ट्रेमध्ये बिनलेबलाची १० मिलिची सिरिंज दिसली, तर ती सुई धुण्याचे सलाईन समजली जाते. तिच्यात काय आहे याची खात्री नसेल तर टाकून द्यावी. वास किंवा रंग पाहून ठरवण्याचा मार्ग नाही. बाटलीवरील लेबलावर औषध, एमइक्यू आणि मिलि ही दोन्ही परिमाणे, सुरू केल्याची वेळ, थेंबांचा वेग आणि दोघांची नावे लिहितात. दोन परिमाणे एकत्र लिहिली की वर सांगितलेली गफलत कागदावरच उघडी पडते. लेबल छापील मजकुरावर चिकटवू नये, आणि थेट प्लॅस्टिकवर मार्करने लिहू नये. भूलशास्त्रात सिरिंजच्या लेबलांना रंग ठरलेले आहेत (स्नायुशिथिलकांना लाल, अफूवर्गीयांना निळा), परंतु केवळ रंगावर विसंबल्यास नाव न वाचण्याची सवय लागते.

सांगली-मिरज परिसरातील मर्यादा : विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते. कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि वॉर्डांत मराठीबरोबर कन्नड व मल्याळमही ऐकू येते. तोंडी सूचनांमध्ये यामुळे एक अडचण उद्भवते, जिची पाठ्यपुस्तकांत क्वचितच दखल घेतली जाते. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर बोलतात (पंचवीस), तर कन्नड-मल्याळममध्ये दशक आधी येतो. म्हणून फोनवरील मात्रा ‘दोन-पाच’ अशी अंक सुटे करून सांगावी, ऐकणाऱ्याने ती लिहून घेऊन परत वाचून दाखवावी.

वॉर्डातून केसीएल पूर्णपणे हलवण्याची शिफारस रात्री फार्मासिस्ट असेल तेथेच झेपते. लहान रुग्णालयांत तो नसतो. तेथे निदान केसीएल कुलूपबंद वेगळ्या डब्यात, पाण्याच्या अँप्युलपासून दूर ठेवणे आणि तयार करताना अन्य मजल्यावरील सिस्टरला किंवा आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, बोलावणे शक्य असते. एकटीच सिस्टर ड्युटीवर असेल तर स्वतंत्र तपासणी होत नाही, आणि तशी खोटी नोंदही करू नये. अशा वेळी रिकामी अँप्युल बाटलीला लेबल लागेपर्यंत ट्रेमध्येच राहू देतात. लेबलावर २० एमइक्यू आणि ट्रेमध्ये दोन अँप्युल, हे विजोड दिसले की बाटली टांगण्याआधीच थांबता येते.