एजंटचे कमिशन: पक्के कधी, पुन्हा येणाऱ्या ऑर्डरचे काय, आणि करार संपल्यावर किती?

हे माहितीपत्रक आमच्याकडे एजन्सीचे करार करून घेणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी आणि त्यांच्या एजंटांसाठी आहे. आमच्याकडे येणारी भांडणे टक्केवारीवरून क्वचितच होतात, कारण टक्का दोघांनाही तोंडपाठ असतो. भांडण होते ते तो टक्का कशावर, कधी आणि कधीपर्यंत यावरून. आणि नेमके हेच करारात एका ओळीत उरकलेले असते: "विक्रीवर चार टक्के कमिशन देण्यात येईल."

आता यातली "विक्री" म्हणजे काय? एजंट म्हणतो, दुकानदाराने ऑर्डर दिली, माझे काम झाले. मालक म्हणतो, पैसे खात्यात आले की विक्री झाली. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २१९ सांगते की वेगळे काही ठरलेले नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्याशिवाय देय होत नाही. पण "काम" कोणते, हे ठरवायचे करारानेच. तिथे कागद गप्प असेल तर दोघेही हेच कलम आपापल्या बाजूने दाखवतात.

आम्ही करारात दोन गोष्टी वेगळ्या लिहितो. पहिली, कमिशनचा हक्क कधी लागतो: मालकाने ऑर्डर लेखी स्वीकारली की. व्हॉट्सॲपवरचे "ओके, माल पाठवतो" चालते, फक्त ते कोणत्या नंबरवरून आले तर स्वीकृती धरायची, तो नंबर करारात घालावा. दुसरी, रक्कम देय कधी होते: ग्राहकाचे पैसे आले की, आणि जितके आले तितक्याच प्रमाणात. निम्मे बिल आले तर निम्मे कमिशन. हिशेब जीएसटी आणि गाडीभाडे वगळून. माल परत आला तर क्रेडिट नोटच्या रकमेवर कमिशन नाही. मालकानेच माल वेळेत दिला नाही आणि ऑर्डर रद्द झाली, तर मात्र एजंटचे कमिशन बुडू नये, असे आमचे मत आहे आणि तसे कलम आम्ही घालायला सांगतो. मालक मंडळी इथे थोडी कुरकुर करतात.

टीडीएसचा संबंधही इथेच येतो. कमिशन एजंटच्या खात्यावर जमा दाखवले किंवा प्रत्यक्ष दिले, यातले जे आधी होईल तेव्हा टीडीएस कापावा लागतो. दर १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या कमिशनवर कपात नाही. बिल काढताच कमिशन हिशेबात जमा करणाऱ्याला, पैसे आले नसले तरी, कर आधी भरावा लागतो. रक्कम वसुलीनंतर देय ठरवली की नोंदही तेव्हाच होते. छोट्या वैयक्तिक व्यवसायाला ही कपात लागू आहे का, ते आधीच्या वर्षाच्या उलाढालीवर ठरते. तेवढे तुमच्या सीएंना विचारून घ्या.

खरी गाठ बसते ती पुन्हा येणाऱ्या ऑर्डरवर. एजंट दुकानदाराला एकदा जोडून देतो, मग दुकानदार दर दोन महिन्यांनी थेट कारखान्यात फोन करतो. मालकाला वाटते, आता यात एजंटने काय केले? एजंटला वाटते, दुकान माझे आहे. दोघांचेही थोडे खरे आहे. म्हणून आम्ही "दुकानाच्या पहिल्या बिलापासून अठरा महिने पूर्ण दर, त्यानंतर एजन्सी चालू असेपर्यंत निम्मा" असे सुचवतो. ऑर्डर कोणी घेतली, फोन कोणाला आला, हे विचारायचेच नाही. त्यासाठी एक वही लागते: दुकानाचे नाव, पहिल्या बिलाची तारीख, अठरा महिने संपण्याची तारीख, आणि दोघांच्या सह्या. दर तिमाहीला सही केली की तीन वर्षांनी "हे दुकान माझेच होते" हा वाद उरत नाही.

आता करार संपल्यावरचे पाहू. घरघंट्या बनवणारा एक कारखाना समजा. घंटी जीएसटी वगळून १४,००० रुपयांची, कमिशन चार टक्के. एजन्सी ३१ जुलैला संपली.

बार्शीच्या दुकानाचे जूनमधले बिल दहा घंट्यांचे, १,४०,००० रुपयांचे. त्यातली एक बिघडलेली निघाली आणि परत आली. उरलेल्या नऊ घंट्यांचे १,२६,००० रुपये ऑगस्टअखेर जमा झाले. कमिशन ५,०४०, पूर्ण देय. पैसे करार संपल्यावर आले म्हणून हक्क जात नाही, तो ऑर्डर स्वीकारली तेव्हाच लागला होता.

त्याच दुकानाने २८ जुलैला सहा घंट्यांची ऑर्डर दिली आणि ती त्याच दिवशी लेखी स्वीकारली गेली. बिल ९ ऑगस्टला, ८४,००० रुपयांचे, पैसे सप्टेंबरात. कमिशन ३,३६०, हेही देय.

पंढरपूरच्या दुकानात एजंट तीनदा जाऊन आला होता, एक घंटी नमुना म्हणून ठेवूनही आला होता. तिथली पहिली ऑर्डर २२ ऑगस्टला आली, चार घंट्यांची, ५६,००० रुपयांची. करारात असे होते की निघताना एजंटने चालू बोलण्यांची यादी द्यायची, आणि त्या यादीतल्या दुकानाची ऑर्डर साठ दिवसांत आली तर निम्मा दर. त्याने यादी दिली होती. कमिशन १,१२०. यादी दिली नसती तर शून्य.

बार्शीहून १२ ऑक्टोबरला आणखी आठ घंट्यांची ऑर्डर आली. यावर काही नाही. एजंटला हेच टोचले. त्याच्या वहीत बार्शीचे अठरा महिने संपायचे होते, पण ती मुदत एजन्सी चालू असेपर्यंतचीच, असे करारात स्पष्ट होते. एकूण देणे झाले ९,५२० रुपये.

जुन्या एजंटला पुढच्या ऑर्डरवर आपोआप कमिशन देणारे कलम करार कायद्यात नाही. हवे असेल तर ते करारातच मागून घ्यावे लागते. एजंट फक्त दुकाने जोडून देत असेल आणि नंतरची वसुली, तक्रारी त्याच्याकडे नसतील, तर तीन महिने निम्मा दर ही मागणी आम्हाला रास्त वाटते. तसे ठरले असते तर बार्शीच्या १,१२,००० रुपयांवर त्याला २,२४० रुपये मिळाले असते.

दोन इशारे. करार ठरावीक मुदतीचा असेल आणि पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडला, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई मागता येते. वाजवी नोटीस दिली नाही तर त्याने झालेल्या नुकसानीची भरपाई कलम २०६ प्रमाणे द्यावी लागते. म्हणून "तीस दिवसांची नोटीस" असे आकड्यात लिहा, "योग्य ती नोटीस" नको. आणि "गैरवर्तन आढळल्यास सर्व थकीत कमिशन जप्त" हे वाक्य जुन्या नमुन्यातून उचलू नका. कलम २२० प्रमाणे ज्या व्यवहारात एजंटने गैरवर्तन केले, त्याच व्यवहाराचा मोबदला जातो, बाकीचा नाही.

करार नव्याने करायचा असेल तर येताना गेल्या सहा महिन्यांची बिले, दुकानांची यादी आणि एजंटला शेवटचे पैसे दिल्याचा हिशेब घेऊन या. शक्य असेल तर एजंटलाही सोबत आणा.