डिफरंट फ्रॉम, डिफरंट दॅन की डिफरंट टू?

विद्यार्थी: बाई, माझ्या ‘डिफरंट दॅन’वर लाल रेघ का? अमेरिकन बातम्यांत तर ते सर्रास ऐकू येतं.

बाई: येतं, आणि तिथे ते खपतंही. तुझं वाक्य वाच बघू.

विद्यार्थी: ‘माय स्कूल इज डिफरंट दॅन यू.’

बाई: रेघ ‘यू’खालीसुद्धा आहे. तू शाळेची तुलना माणसाशी केलीस. मराठीत ‘माझी शाळा तुझ्यापेक्षा वेगळी आहे’ म्हटलं तरी ऐकणारा ‘तुझ्या शाळेपेक्षा’ असं समजून घेतो. इंग्रजीत ‘युअर्स’ म्हणावं लागतं. ही चूक ‘दॅन’पेक्षा मोठी.

विद्यार्थी: मग ‘डिफरंट दॅन युअर्स’ चालेल?

बाई: अमेरिकेत बोलताना चालेल. परीक्षेत मात्र ‘फ्रॉम’ लिही, कारण तो लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही चालतो. ‘टू’ मुख्यतः ब्रिटिश बोलण्यातला. अमेरिकन कानाला तो खटकतो.

विद्यार्थी: पण ‘टू’ चूकच ना? ‘डिफर फ्रॉम’ म्हणतात, ‘डिफर टू’ कुणीच म्हणत नाही.

बाई: जुने शुद्धलेखनवाले हेच म्हणायचे. क्रियापदाला जो शब्द लागतो तोच त्याच्या भावंडांना लागला पाहिजे, असा नियम नाही. ‘अकॉर्ड विथ’ म्हणतो, पण ‘अकॉर्डिंग टू’! ‘फ्रॉम’च हवा या हट्टाला इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी १९२६ सालीच अंधश्रद्धा म्हटलं होतं.

विद्यार्थी: आणि ‘दॅन’वर राग कशासाठी?

बाई: ‘दॅन’ हा ‘टॉलर’, ‘बेटर’ अशा कमी-जास्त दाखवणाऱ्या शब्दांचा जोडीदार. ‘डिफरंट’मध्ये कमी-जास्त काही नाही. आपण ‘उंच’लाही ‘पेक्षा’ लावतो आणि ‘वेगळा’लाही, म्हणून मराठी मुलांचा हात आपोआप ‘दॅन’कडे जातो.

विद्यार्थी: म्हणजे दिसेल तिथे ‘दॅन’ खोडून ‘फ्रॉम’ लिहायचं.

बाई: तिथेच पाय घसरतो. ‘मुंबई इज डिफरंट दॅन इट वॉज इन १९९०’ यातला ‘दॅन’ बदलून बघ.

विद्यार्थी: ‘डिफरंट फ्रॉम इट वॉज...’ हे काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय.

बाई: वाटणारच. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ यांच्यापुढे नाम किंवा सर्वनाम लागतं; ‘इट वॉज’ हे कर्ता-क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आहे. मध्ये ‘व्हॉट’ घातला की त्या वाक्याचं नामासारखं काम होतं: ‘डिफरंट फ्रॉम व्हॉट इट वॉज इन १९९०’. ‘दॅन’ला हा टेकू लागत नाही, म्हणून अशा जागी मला तो सुटसुटीतच वाटतो. पेपर तपासणाऱ्याला कदाचित वाटणार नाही, तेव्हा तू ‘व्हॉट’ घालून लिही. आता सांग, ‘पेपर मला वाटला होता त्यापेक्षा वेगळा निघाला.’

विद्यार्थी: ‘द पेपर वॉज डिफरंट फ्रॉम आय...’ नाही, थांबा. ‘फ्रॉम व्हॉट आय एक्स्पेक्टेड.’