पॅड डिलीट केला आणि अख्खी ट्री लाल-पिवळी झाली

सॉलिडवर्क्समध्ये, किंवा कुठल्याही पॅरामेट्रिक कॅडमध्ये, आपण पार्ट काढत नसतो, पार्टची रेसिपी लिहीत असतो. डावीकडच्या ट्रीमध्ये वरून खाली जे काही दिसतं ती त्या रेसिपीची पावलं, आणि दर वेळी रिबिल्ड झालं की सॉफ्टवेअर त्यातलं बरंच काही वरून खाली पुन्हा करून बघतं. यातली गोम अशी की प्रत्येक पाऊल आधीच्या पावलांनी तयार केलेल्या कुठल्यातरी फेसला नाहीतर एजला धरून उभं असतं. वरचं एक पाऊल काढलंत की खालच्यांच्या हातातलं काहीतरी सुटतं आणि मग लाल गोल, पिवळे त्रिकोण सुरू.

एक साधी ब्रॅकेट प्लेट घेऊ म्हणजे हवेत बोलणं नको. प्लेट 120 × 80 × 8 मिमी, ओरिजिन बरोब्बर मध्यावर, हे झालं `Boss-Extrude1`. तिच्यावर मधोमध 40 × 40 चा, 5 मिमी उंच पॅड, तो `Boss-Extrude2`. पॅडच्या कडांना R3 चा `Fillet1`. मग पॅडच्या वरच्या फेसवर स्केच करून 22 मिमीचा आरपार बोअर, `Cut-Extrude1`, त्याचं सेंटर पॅडच्या कडांपासून 20 आणि 20 वर. बोअरच्या वरच्या कडेला 1 मिमीचा `Chamfer1`. शेवटी कोपऱ्यात M6 बोल्टसाठी 6.6 मिमीचं भोक, `Cut-Extrude2`, आणि त्याचा 100 आणि 60 च्या अंतराने चार जागी पॅटर्न, `LPattern1`. हे कोपऱ्यातलं भोक ज्याने काढलं त्याने डायमेन्शन देताना माउसजवळ जी एज होती ती उचलली, म्हणजे पॅडची: डाव्या कडेपासून 30, पुढच्या कडेपासून 10. (ज्याने म्हणजे मीच, एका जुन्या कामात, रात्री अकरा वाजता.)

आता वरून निरोप येतो की पॅड नको, सपाट प्लेटच पाहिजे. `Boss-Extrude2` वर राइट क्लिक, डिलीट. इथे सॉफ्टवेअर एक खिडकी उघडून विचारतं की यावर अवलंबून असलेली फीचर्सपण उडवू का, आणि घाईत ती टिक राहिली तर बोअर, चॅम्फर, भोकं सगळं एका झटक्यात गायब होतं, आणि गंमत म्हणजे एरर एकही येत नाही कारण तक्रार करायला कोणी उरलेलंच नसतं. टिक काढली तर पोरं राहतात पण बिनआधाराची. आपण टिक काढली असं धरू.

आता ट्रीकडे बघितलं तर `Fillet1`, `Cut-Extrude1`, `Chamfer1` आणि `Cut-Extrude2` असं चार ठिकाणी काहीतरी बोंब आहे. बहुतेक जण इथे जी खूण सगळ्यात भयानक दिसते तिच्यावर तुटून पडतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. रिबिल्ड वरून खाली जातं त्यामुळे खालची एरर ही बऱ्याचदा वरच्या एररची सावली असते, म्हणून रोलबॅक बार (ट्रीच्या तळाशी असलेली ती आडवी रेघ) ओढून पहिल्या बिघडलेल्या फीचरच्या खाली आणायची आणि एकेक दुरुस्त करत खाली सरकायचं, म्हणजे बाकीचा गोंधळ तोपर्यंत डोळ्यासमोर नसतो.

पहिलं `Fillet1`. राइट क्लिक करून `What's Wrong?` बघितलं तर कळतं की त्याच्या कडाच नाहीत. बरोबरच आहे, पॅडच गेला तर पॅडच्या कडा कुठून येणार. याला दुरुस्त करायचं काही नाही, काढून टाका. हे सांगायचं कारण म्हणजे काही एरर या दुरुस्तीच्या नसतात, त्या फीचरचं कामच संपलेलं असतं, आणि तरी लोक कुठलीतरी दुसरी एज देऊन फिलेट जिवंत ठेवायची धडपड करतात.

मग बोअर. त्याचं स्केच पॅडच्या वरच्या फेसवर होतं, तो फेस गेला, स्केचला बसायला जागाच नाही. स्केचवर राइट क्लिक, `Edit Sketch Plane`, आणि प्लेटचा वरचा फेस द्यायचा. हे केल्यावर प्लेन सुधारतं पण स्केचच्या आतली ती 20-20 ची डायमेन्शन्स अजून लटकलेलीच असतात. स्केच उघडलंत की ती वेगळ्या, मातकट रंगात दिसतात. इथे मी ती सरळ डिलीट केली आणि वर्तुळाचं सेंटर ओरिजिनवर बसवलं, कारण बोअर मधोमध हवा हाच मूळ हेतू होता आणि ओरिजिन कुणी डिलीट करू शकत नाही.

आता चॅम्फर, आणि इथे जरा थांबायला पाहिजे. बोअर परत आला, त्याची वरची कडा डोळ्याला दिसतेय, गोल, 22 मिमीची, मग चॅम्फरला ती का सापडू नये? कारण सॉफ्टवेअर ‘बोअरच्या वरची गोल कडा’ असं काही लक्षात ठेवत नाही. एज म्हणजे दोन फेस जिथे भेटतात ती रेघ, आणि तिची ओळख साधारण त्याच पद्धतीने ठेवतात: या फीचरचा हा फेस आणि त्या फीचरचा तो फेस यांच्यामधली. आधीची कडा ही बोअरची भिंत आणि पॅडचा माथा यांच्यातली होती, आताची आहे ती बोअरची भिंत आणि प्लेटचा माथा यांच्यातली. आपल्याला तीच वाटते, पण कागदोपत्री ती नवीन व्यक्ती आहे. म्हणून `Chamfer1` एडिट करून यादीतली हरवलेली एज काढायची, नवीन निवडायची, झालं. चॅम्फर डिलीट करून नवा केला तरी चालतं, पण ड्रॉइंगमध्ये त्याला कोणी डायमेन्शन लावलेलं असेल तर तिकडे आणखी एक लटकलेलं डायमेन्शन तयार होतं, म्हणून मी शक्यतो एडिटच करतो.

ओळख ठेवायची ही भानगड किती अवघड आहे ते फ्रीकॅडमध्ये फार स्वच्छ दिसायचं. तिथे फेसची नावं नुसते अनुक्रमांक होते, `Face6`, `Edge12` अशी, आणि वरचं एखादं फीचर काढलं की मोजणी नव्याने व्हायची, मग `Face6` वर बसवलेलं स्केच बिनधास्त दुसऱ्याच फेसवर जाऊन बसायचं, कारण आता सहावा नंबर त्याचा. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत यावर मोठा उतारा आला, नावात ‘हा फेस कुठून जन्माला आला’ याची वंशावळ ठेवायला सुरुवात झाली. त्रास बराच कमी झाला, पण जो आधारच डिलीट केलाय तो वंशावळ ठेवूनही परत येत नाही.

परत आपल्या प्लेटकडे. शेवटचं उरलं कोपऱ्यातलं भोक, आणि त्याला फक्त पिवळा त्रिकोण आहे. मला विचाराल तर लाल खुणेपेक्षा ही पिवळी जास्त घातक. भोक दिसतंय, चारही जागी दिसतंय, जागाही बरोबर आहे, म्हणून माणूस पुढे जातो. पण त्याची 30 आणि 10 ही डायमेन्शन्स आता कशालाच धरलेली नाहीत, भोक फक्त शेवटच्या जागी उभं आहे, आणि पुढच्या वेळी प्लेटचं माप बदललं की ते तिथेच उभं राहणार. स्केच उघडा, लटकलेल्या डायमेन्शनवर क्लिक करा, तुटलेल्या टोकाला लाल ठिपका दिसतो, तो ओढून प्लेटच्या डाव्या एजवर सोडा. आकडा बघा, 10 यायला पाहिजे. दुसऱ्याचं टोक प्लेटच्या पुढच्या एजवर, तिथेही 10. स्केचमध्ये असं खूप काही लटकलं असेल तर `Display/Delete Relations` मध्ये फिल्टर `Dangling` वर ठेवला की फक्त तुटलेली दिसतात, एकेक शोधत बसायला नको.

बार तळाशी नेला आणि `Ctrl+Q` दाबलं. `Ctrl+B` फक्त बदललेलं रिबिल्ड करतं, `Ctrl+Q` सगळं मुळापासून करायला लावतं, आणि अशा दुरुस्तीनंतर तेच हवं. ट्री स्वच्छ झाली तरी माझा लगेच विश्वास बसत नाही, कारण रेफरन्स चुकीच्या एजला चिकटला तर एरर येतच नाही. म्हणून दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे व्हॉल्यूम: अख्खी प्लेट 76,800 घन मिमी, त्यातून बोअरचे साधारण 3,041 आणि चार भोकांचे मिळून 1,095 वजा, चॅम्फरचे पस्तीस-छत्तीस, म्हणजे मास प्रॉपर्टीजमध्ये 72,628 च्या आसपास आकडा हवा. दुसरं, प्लेटची लांबी 120 ची 140 करायची. प्लेट ओरिजिनभोवती असल्यामुळे डावी कडा 10 मिमी बाहेर सरकते, तर डावीकडचं भोकही 10 सरकून कडेपासून 10 वरच राहिलं पाहिजे. जुन्या मॉडेलमध्ये, पॅड असताना, हे झालंच नसतं, भोक पॅडला बांधलेलं होतं, प्लेटला नाही, म्हणजे चूक डिलीट करण्यात नव्हती, ती तेव्हाच झाली होती, डिलीटने फक्त उघड केली.

हेच काम निम्म्या त्रासात होतं जर क्रम उलटा ठेवला तर. पॅड आधी डिलीट करायचाच नाही, त्यावर राइट क्लिक करून `Parent/Child` मध्ये पोरं कोण ते बघायचं, पॅड जिवंत असतानाच बोअरचं स्केच आणि भोकाची डायमेन्शन्स प्लेटवर हलवायची, मग पॅड सप्रेस करून बघायचा, आणि काही ओरडलं नाही तर डिलीट.

क्रम बदलणं, म्हणजे ट्रीमध्ये फीचर ओढून वर-खाली करणं, हा याचाच चुलतभाऊ. पोराला बापाच्या वर नेऊ देत नाही, तिथे सॉफ्टवेअर अडवतं. पण जिथे अडवत नाही तिथेच घोळ होतो. चौकोनी डबा, 2 मिमीचा शेल आणि बाहेरच्या उभ्या कोपऱ्यांना R5 फिलेट. फिलेट आधी आणि शेल नंतर असेल तर आत R3 येतो आणि भिंत सगळीकडे 2 मिमी. शेल वर ओढला, फिलेट नंतर आला, तर आतला कोपरा टोकदार राहतो आणि तिथे भिंत उरते जेमतेम 0.76 मिमी. एरर नाही, त्रिकोण नाही, बाहेरून डबा अगदी तसाच. रेडियस 6.8 च्या वर गेला की आतलं टोक फिलेटमधून बाहेर येतं आणि कोपरा फुटतो, पण R5 वर तुम्हाला काहीच कळत नाही, सेक्शन व्ह्यू काढून कोपऱ्यात मोजल्याशिवाय.