गालाची पायरी आणि तिची सावली

मावसभावाचं लग्न मे महिन्यात गुहागरला ठरलं. साखरपुड्याचे फोटो घेऊन मावशी रत्नागिरीला माझ्या दवाखान्यात आली. वय ५६. फोटोत दिवे बरोबर डोक्यावर होते आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडे काजळाने ओढाव्यात तशा रेघा दिसत होत्या. "अगो, मी इतकी म्हातारी कधी झाले? ते इंजेक्शन देऊन टाक मला," ती म्हणाली. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

मी तिला तपासणीच्या टेबलावर उताणं झोपवलं आणि हातात आरसा दिला. रेघा निम्म्याहून अधिक ओसरल्या होत्या. ती उठून बसली, तशा त्या परत आल्या. घरी कुणालाही करता येईल अशी ही तपासणी आहे. झोपल्यावर जेवढं नाहीसं होतं तेवढं गाल खाली उतरल्यामुळे झालेलं असतं. जे उरतं ती कातडीतच पडलेली चुणी.

मुळात ही सुरकुती नव्हेच, ती पायरी आहे. गालाच्या कातडीखाली चरबीची जाड गादी असते. वरच्या ओठावर ती जवळजवळ नसते, तिथली कातडी थेट स्नायूंना धरून असते. गादी जिथे संपते तिथे उंचीत फरक पडतो. हसऱ्या बाळाच्या चेहऱ्यावरही ही पायरी दिसते. वय वाढतं तशी गालाच्या वरच्या भागातली चरबी कमी होते, नाकपुडीशेजारचं हाड किंचित मागे सरतं आणि कातडीतलं कोलॅजन घटतं. उन्हात वावरणाऱ्यांचं ते लवकर घटतं. मग आधार सुटलेला गाल खाली येतो, पण ओठाशी येऊन अडतो, आणि पायरी उंच होते. भरतीने वाळूत कापलेली बुटकी पायरी भर दुपारी नजरेतही येत नाही, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिची सावली गडद होते. मावशीच्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. डोक्यावरचा उजेड गालावरून घसरत खाली आला होता. त्याच चेहऱ्याचा खिडकीकडे तोंड करून मी फोटो काढला, तर रेघा बऱ्याच फिक्या आल्या.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. चेहऱ्याचा लकवा झालेला रुग्ण आला की आम्ही डॉक्टर नाकपुडीपासून ओठापर्यंतची हीच घडी बघतो. ज्या बाजूची घडी पुसट झालेली असते, ती बाजू लुळी पडलेली असते. म्हणजे घडी पूर्ण पुसणं हे आपलं ध्येय असूच शकत नाही.

मालिश ती महिनाभर करत होतीच, खोबरेल तेल लावून, रोज रात्री. मालिशने सकाळची सूज उतरते, रक्त खेळतं, चेहरा तास-दोन तास तरतरीत दिसतो. पण गेलेली चरबी आणि सरकलेलं हाड बोटांनी परत येत नाही. चेहऱ्याच्या व्यायामांवर २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास आला होता. २० आठवडे नेटाने व्यायाम करणाऱ्या मोजक्या बायकांचे गाल थोडे भरलेले दिसले, मात्र तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट त्यात नव्हता. मावशीला मी एवढंच म्हटलं, बरं वाटत असेल तर कर, पण हलक्या हाताने. जोरात रगडून कातडी ओढली जाते आणि आपल्या दमट हवेत तेलाने रंध्रं बुजून पुटकुळ्या येतात. तिच्या हनुवटीवर त्या आल्याही होत्या.

लग्नासाठी मेकअपच ठरला. साखरपुड्याच्या दिवशी चूक झाली होती ती रेघ झाकायला फाउंडेशनचा जाड थर दिल्याची. गुहागरच्या उकाड्यात घाम आला, ती हसली-बोलली, आणि थर घडीत गोळा होऊन रेघ आणखी ठळक झाली. या वेळी आधी पातळ मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबलो. घडीवर सिलिकॉनवाला प्रायमर बोटाने थापला. फाउंडेशन अगदी विरळ. मग कातडीपेक्षा जेमतेम एक छटा उजळ कन्सीलर बारीक ब्रशने फक्त सावलीच्या खाचेत लावला आणि थापून कडा विरवल्या. शेजारच्या फुगवट्यावर तो लागला तर फुगवटाच उठून दिसतो. तिथे चमकदार पावडरही नको. शेवटी मोठं हसायला लावून जमलेलं टिपकागदाने उचललं आणि चिमूटभर पावडर दाबली. समोरून छान दिसलं. बाजूने बघितल्यावर पायरी होती तशीच होती, कारण रंगाने सावली उजळते, उंची बदलत नाही.

उंची बदलते ती फिलरने, म्हणजे कातडीखाली जेल भरायच्या त्या इंजेक्शनने. मी फिलर करत नाही. पावसाळा सरल्यावर मावशीने कोल्हापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडून करून घेतलं. लग्नाआधी नकोच म्हटलं होतं, कारण सूज आठवडाभर आणि काळं-निळं कधी दोन आठवडेही राहतं. हायल्युरॉनिक ॲसिड हा कातडीत मुळातच असलेला, पाणी धरून ठेवणारा पदार्थ. फिलरमध्ये त्याचे धागे एकमेकांत बांधून जेल केलेलं असतं. अमेरिकेत या जेलच्या पहिल्या फिलरला २००३ मध्ये परवानगी मिळाली, ती याच घडीसाठी. एका सिरिंजमध्ये १ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. मावशीला दोन लागल्या. एक गालाच्या वरच्या भागात, आधार द्यायला, आणि दुसरी दोन घड्यांत वाटून. सगळं घडीतच भरलं असतं तर ओठाभोवतीचा भाग पुढे आल्यासारखा दिसला असता.

घडीची खोली १ ते ५ अशा पट्टीवर मोजतात, आणि फिलरच्या चाचण्यांत एका अंकाने सुधारणा झाली तरी यश धरतात. मावशी ४ वर होती, ३ वर आली. परिणाम साधारण ६ महिने ते वर्षभर टिकतो.

धोका क्वचित होतो, पण तो माहीत हवा. चेहऱ्याची मोठी धमनी याच घडीच्या आसपास वर जाते. जेल तिच्यात शिरलं तर कातडी पांढरी पडते, बहुतेकदा दुखते, मग जाळीसारखे जांभळट डाग उमटतात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परतायला हवा. तो रेंगाळला तर लगेच डॉक्टर गाठायचा. हायल्युरोनिडेज हे इंजेक्शन जेल विरघळवतं, पण उशीर झाला तर नाकपुडीची कातडी मरू शकते. फार क्वचित डोळ्याची रक्तवाहिनी बंद होऊन दृष्टीही जाते. म्हणून जिथे हायल्युरोनिडेज हाताशी नाही तिथे फिलर करूच नये, पार्लरमध्ये तर मुळीच नाही. आणि मुंबईत करून त्याच रात्री कोकणकन्या पकडू नये. पहाटे गाडीत गाल जांभळा पडला तर उतरायचं कुठे? मावशीला मी भाचीकडे कोल्हापुरातच दोन रात्री ठेवलं. आंबा घाट उतरून घरी पोचायला चारेक तास लागतात, आणि ते चार तास मला वाया घालवायचे नव्हते.

यंदा मे महिन्यात तिने त्याच खिडकीशी फोटो काढून पाठवला. घडी ३ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी आली आहे. परत करायचं का, ते ती नातवाचं बारसं झाल्यावर ठरवणार आहे.