दुर्मीळ उत्तराला गुण की टक्केवारीला? अंदाज-स्पर्धेचे दोन नियम

मित्रांच्या अंदाज-स्पर्धेत बरोबर उत्तराला सरसकट एक गुण ठेवला, की सगळे बलाढ्य संघाचंच नाव लिहितात आणि गुणतक्ता जागचा हलत नाही. मग धाडसी अंदाजाला जास्त गुण द्यायचं ठरतं. त्यासाठी दोन नियम वापरात आहेत. वरवर दोन्ही एकच काम करतात असं वाटतं, पण पहिला वेगळेपणाला गुण देतो आणि दुसरा माहितीला.

पहिला नियम वाटणीचा. दहा जण खेळत असतील तर प्रत्येक प्रश्नाला दहा गुणांची रास असते आणि बरोबर उत्तर देणारे ती आपसांत समान वाटून घेतात. समजा, आठ जणांनी बलाढ्य संघ निवडला आणि दोघांनी दुबळा. बलाढ्य जिंकला तर आठ जणांना प्रत्येकी १.२५ गुण, दुबळा जिंकला तर दोघांना प्रत्येकी ५.

आता दुबळ्या संघाची खरी शक्यता २० टक्केच आहे असं धरू. बलाढ्य संघ निवडणाऱ्याला सरासरी १ गुण मिळतो आणि दुबळा निवडणाऱ्यालाही १ गुणच. हिशोब चोख आहे, म्हणून नियम न्याय्य वाटतो. गोम चढउतारात आहे. दुबळ्याच्या बाजूने जाणाऱ्याचे गुण चौपट हेलकावे खातात. पहिल्या नंबरालाच बक्षीस असेल, तर काहीही माहीत नसताना वाटेल त्या सामन्यात दुबळा संघ निवडत जाणं फायद्याचं ठरतं: असे तीन-चार जण वेगवेगळ्या सामन्यांत नशीब आजमावत असले, तर त्यांतल्या एखाद्याचं नशीब उघडण्याची शक्यता चांगलीच असते. शेवटी सगळ्यात वर तोच दिसतो आणि त्याला खेळ कळतो असा सगळ्यांचा समज होतो.

दुसऱ्या नियमात नाव लिहायचं नाही, टक्के लिहायचे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० साली हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी मांडलेलं माप इथे कामी येतं. घटना घडली तर १ आणि नाही घडली तर ०. त्यातून तुमचा अंदाज, ३५ टक्के असेल तर ०.३५ असा, वजा करायचा आणि उरलेल्याचा वर्ग करायचा. ही झाली तुमची चूक. इतरांच्या सरासरी अंदाजाचीही अशीच चूक काढायची, तिच्यातून तुमची चूक वजा करायची आणि १०० ने गुणायचं.

त्याच सामन्यात इतरांची सरासरी दुबळ्या संघाला २० टक्के देते आणि एक मैत्रीण ३५ लिहिते. दुबळा जिंकला तर इतरांची चूक ०.६४, तिची ०.४२२५, म्हणजे तिला २१.७५ गुण. हरला तर इतरांची ०.०४, तिची ०.१२२५, म्हणजे उणे ८.२५. बरोबर ठरलेल्या धाडसाला इथेही घसघशीत गुण आहेत. पण खरी शक्यता २० टक्केच असेल, तर तिला दर प्रश्नाला सरासरी सव्वादोन गुणांचा तोटा होतो. खरी शक्यता ३५ असेल तर तेवढाच फायदा. आणि कोणी नुसतं लक्ष वेधायला ९० लिहिलं, तर जिंकल्यावर ६३ मिळतात, हरल्यावर ७७ जातात. खरी शक्यता ५५ टक्क्यांच्या पुढे असेल तरच असं लिहिणं परवडतं. मनात असेल तेच लिहिण्यात सरासरीने सर्वाधिक गुण आहेत. म्हणूनच मी हाच नियम निवडेन.

सरासरी काढताना ज्याचे गुण मोजतोय त्याचा अंदाज वगळायलाच हवा. पाच जणांच्या गटात तो धरला तर सरासरीचा पाचवा हिस्सा त्याच्याच हातात राहतो, आणि मग खरं मत लिहिणं सर्वांत फायद्याचं राहत नाही. अंदाजही बंद ठेवायचे आणि एकदमच उघडायचे. ज्याचं उत्तर आलं नाही त्याला इतरांची सरासरीच द्यायची, म्हणजे शून्य गुण. गैरहजेरीचा फायदाही नाही, तोटाही नाही.

तरीही नशीब पुरतं हटत नाही. वरच्या मैत्रिणीचं म्हणणं प्रत्येक वेळी अचूक असलं, तरी २० प्रश्नांत तिचा अपेक्षित फायदा ४५ गुणांचा, आणि निव्वळ नशिबाचा नेहमीचा हेलकावा सुमारे ६४ गुणांचा. ८० प्रश्नांत फायदा १८० होतो, हेलकावा १२८ च्या आसपास राहतो. म्हणजे मोसमभर प्रश्न हवेत, आणि तेही एकमेकांवर न अवलंबणारे. एकाच संघाबद्दल दहा प्रश्न विचारले तर ते जवळजवळ एकाच प्रश्नासारखे वागतात.

शेवटच्या टप्प्यात मात्र हा नियमही डळमळतो. मागे पडलेल्याला पहिला नंबर गाठायचा असेल तर खरं मत सोडून ९५ किंवा ५ लिहिण्यावाचून त्याच्याकडे उपाय नसतो. कोणाच्याही टक्केवाऱ्या शेवटच्या काही प्रश्नांत अचानक टोकाला गेल्या, की हेच चाललंय असं समजावं. त्यावर उपाय म्हणजे बक्षीस एकट्या पहिल्याला न देता गुणांच्या प्रमाणात वाटायचं.