प्रमाणक

ज्या कागदाच्या आधारावर हिशेबाच्या वहीत नोंद केली जाते, त्याला प्रमाणक म्हणतात. व्यवहारात ‘व्हाउचर’ हाच शब्द रुळला आहे. बीजक, पावती, जमापत्र, चेकबुकातली स्थळप्रत ही बाहेरून आलेली किंवा व्यवहारातच तयार झालेली मूळ कागदपत्रे. बाहेरचा कागद मिळत नाही तेव्हा दुकानदार स्वतः खर्चाचे व्हाउचर तयार करतो.

समजा, हार्डवेअरच्या दुकानाने रंगाचे 20 डबे प्रत्येकी 1,000 रुपयांना उधारीवर घेतले. पुरवठादार त्याच राज्यातला असल्याने बीजकावर 20,000 रुपये किंमत, 9 टक्क्यांनी 1,800 रुपये सीजीएसटी आणि तेवढाच एसजीएसटी, असे 23,600 रुपये दिसतात. खरेदी खाते 20,000 आणि दोन्ही करांची खाती प्रत्येकी 1,800 रुपयांनी नावे होतात. पुरवठादाराचे खाते 23,600 रुपयांनी जमा. खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून घ्यायचा तर हे बीजक हातात असावेच लागते. त्यामुळे आधी दोन्ही जीएसटी क्रमांक, बीजकाचा क्रमांक, तारीख आणि बेरीज तपासावी.

टेम्पोवाल्याने 600 रुपये रोख घेतले, पण बिल दिले नाही. इथे दुकानाचे स्वतःचे व्हाउचर लागते: तारीख, कारण, रक्कम अंकी आणि अक्षरी, पैसे घेणाऱ्याची सही व मंजुरी देणाऱ्याची सही. नोंद आवक गाडीभाडे नावे, रोख जमा. घेणाऱ्याची सही नसलेले व्हाउचर फार दुबळा पुरावा ठरते, कारण ते नंतर कधीही लिहिता येते.

दोन डबे चेपलेले निघाले म्हणून परत गेले. मूळ बीजकात खाडाखोड करायची नाही. पुरवठादार 2,000 रुपये आणि 360 रुपये कर मिळून 2,360 रुपयांचे जमापत्र देतो. त्यावरून खरेदी परत आणि करांची नोंद होते. उरलेले 21,240 रुपये चेकने दिले की स्थळप्रत आणि पुरवठादाराची पावती एकत्र लावतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकाच बीजकाची दोनदा नोंद: एकदा मोबाइलवर आलेल्या फोटोवरून, पुन्हा मालासोबत आलेल्या प्रतीवरून. पुरवठादाराचा खातेउतारा आपल्या खतावणीशी ताडून पाहिला, की 23,600 रुपयांचाच फरक पडलेला दिसतो. म्हणून नोंद होताच कागदावर ‘नोंदले’ असा शिक्का आणि व्हाउचर क्रमांक टाकावा, आणि तोच क्रमांक वहीतही लिहावा. कोटेशन, प्रोफॉर्मा बीजक किंवा नुसते डिलिव्हरी चलन यावरून खरेदीची नोंद करू नये. त्यांतून देणे ठरत नाही.

थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पुसट होते. तिची झेरॉक्स लगेच काढून मूळ पावतीला जोडावी, कारण जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात.